ग्राहक-मुलाखतीच्या रेकॉर्डिंगमधला भावनिक सूर कसा ओळखावा, आणि चेहऱ्यावर किती भरवसा ठेवावा

व्हिडिओ कॉलवर घेतलेल्या मुलाखतीचं रेकॉर्डिंग हातात आलं की नवखा माणूस पहिल्यांदा चेहरा बघतो. ग्राहकाच्या कपाळाला आठी पडली की तो ‘वैतागले’ असं लिहितो आणि ग्राहक हसला की ‘खूश’. मग अहवालात ‘ग्राहक एकंदर समाधानी’ असं वाक्य येतं आणि त्यावरून निर्णय होतात. या लेखात उलट क्रम सांगितला आहे. आधी आवाज ऐकायचा, मग शब्द वाचायचे आणि चेहरा सगळ्यात शेवटी बघायचा, तोही मर्यादित कामासाठी. एकाच मुलाखतीवर हे सगळं कसं करायचं ते पाहू.

उदाहरणासाठी एक काल्पनिक मुलाखत घेऊ. ती 42 मिनिटांची आहे. ग्राहक एका छोट्या व्यवसायाचे हिशेब पाहणाऱ्या बाई आहेत आणि त्या बिलं बनवण्याचं एक सॉफ्टवेअर तीन महिने वापरत आहेत. मुलाखतकाराने त्यांना आधी अनुभव विचारला, मग सॉफ्टवेअरचा नवा स्क्रीन दाखवला.

सुरुवातीला: रेकॉर्डिंग कसं झालंय ते पाहा

सूर ठरवण्याआधी पाच मिनिटं यंत्राच्या करामती समजून घेण्यात घालवा, कारण बऱ्याच ‘भावना’ तिथेच तयार होतात.

पहिली गोष्ट आवाजाची. बहुतेक कॉल-सॉफ्टवेअर हळू आवाज आपोआप मोठा करतं आणि मोठा आवाज दाबतं. त्यामुळे ‘आवाज चढला’ किंवा ‘आवाज पडला’ हे केवळ मोठेपणावरून ठरवता येत नाही. पार्श्वभूमीचा गोंगाट गाळणारी सोय चालू असेल तर उसासा आणि लांब श्वासही त्याबरोबर गाळला जातो. उसासा ऐकू आला नाही म्हणजे तो सोडला नव्हता, असं होत नाही.

दुसरी गोष्ट विरामांची. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचा वेळ हा सुराचा फार चांगला पुरावा आहे. रोजच्या बोलण्यात हा वेळ सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास असतो. 2009 साली दहा भाषांवर झालेल्या अभ्यासात भाषाभाषांत थोडा फरक दिसला, पण सगळ्या याच्याच आसपास होत्या. कॉलवर मात्र त्यात नेटवर्कचा जाऊन-येऊन लागणारा वेळ मिसळतो. मुलाखतकाराच्या बाजूने रेकॉर्ड झालं असेल तर प्रत्येक विराम खऱ्यापेक्षा लांब दिसतो. दोघांचा आवाज आपापल्या यंत्रावर वेगळा रेकॉर्ड करून नंतर जोडला असेल, तर जोडताना विराम लांब किंवा आखूड झालेला असू शकतो. म्हणून ‘दोन सेकंदांचा विराम म्हणजे संकोच’ असा सरधोपट नियम लावू नका. त्या माणसाचा त्या कॉलमधला नेहमीचा विराम किती, हे आधी मोजा आणि त्याच्याशी तुलना करा.

तिसरी गोष्ट चित्राची. जो बोलतो त्याचाच चेहरा मोठा दाखवणाऱ्या पद्धतीने रेकॉर्डिंग झालं असेल, तर मुलाखतकार प्रश्न विचारत असताना ग्राहकाचा चेहरा नोंदलाच गेलेला नसतो. स्क्रीन शेअर केल्यावर चेहरा कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत जातो. नवा स्क्रीन पाहतानाची प्रतिक्रिया आपल्याला सगळ्यात जास्त हवी असते, आणि नेमक्या त्याच वेळी चेहरा सगळ्यात कमी दिसतो.

पायाभूत वागणं टिपा

कोणताही सूर त्या माणसाच्या स्वतःच्या नेहमीच्या बोलण्याशी ताडून ठरतो. मुलाखतीतला साधा, भावनेला फारसा वाव नसलेला चार-पाच मिनिटांचा भाग निवडा, जसं कामाचं स्वरूप किंवा रोजचा क्रम. तो ऐकून नोंदवा: विराम साधारण किती, बोलण्याचा वेग किती, हसणं कितीदा, ‘म्हणजे’ आणि ‘हं’ किती, मान किती हलते.

मुलाखतीची अगदी पहिली मिनिटं यासाठी वापरू नका. रेकॉर्डिंग चालू झाल्याचं दडपण तेव्हा असतं आणि माणूस नेहमीपेक्षा जपून बोलतो. आपल्या उदाहरणात 4:30 ते 9:00 हा भाग घेतला. तिथे बाईंचा विराम साधारण पाऊण सेकंद आहे, बोलणं संथ आहे आणि जवळजवळ प्रत्येक वाक्याच्या शेवटी त्या थोडं हसतात. यातली शेवटची नोंद फार कामाची आहे. हसणं ही यांची बोलण्याची लकब आहे, त्यामुळे पुढे कुठे हसू दिसलं तर त्याचा वेगळा अर्थ नाही. उलट ते कुठे थांबतं, ते बघायचं.

तुकडे पाडा आणि मोजपट्टी ठरवा

आता रेकॉर्डिंगचे तुकडे पाडा, पण समान मिनिटांचे नकोत. विषय बदलला की नवा तुकडा. दर दोन मिनिटांनी कापलं तर एका तक्रारीचा शेवट आणि पुढच्या कौतुकाची सुरुवात एकाच तुकड्यात येते आणि दोन्ही एकमेकांना खोडतात. 42 मिनिटांच्या मुलाखतीत साधारण 20 ते 30 तुकडे निघतात. इथे 24 निघाले.

मोजपट्टी साधी ठेवा: −2 (तीव्र नकारात्मक) ते +2 (तीव्र सकारात्मक), मध्ये 0. राग, निराशा, लाज, काळजी अशा नावांची लांब यादी नवख्याने वापरू नये. ‘नकारात्मक आहे’ यावर दोन माणसांचं पटकन एकमत होतं. ती निराशा की चीड, यावर होत नाही.

स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक तुकड्याला एक ओळ द्या आणि या क्रमाने भरा: सुरुवातीची वेळ, बोलण्याचा विषय, भावना कशाबद्दल, अंक, पुरावा (ऐकलेले शब्द, विराम, वेग), खात्री (कमी, मध्यम, पक्की), चेहऱ्याची नोंद. यातला ‘कशाबद्दल’ हा रकाना लोक सर्रास गाळतात, आणि सगळी गडबड तिथूनच सुरू होते. ग्राहक चिडलेला असू शकतो, पण तुमच्या सॉफ्टवेअरवर चिडलाय, त्याच्या जुन्या सॉफ्टवेअरवर, की मध्येच वाजलेल्या फोनवर, हे लिहिलं नाही तर अंक निरुपयोगी आहे.

पहिली फेरी: फक्त आवाज

व्हिडिओची खिडकी झाका किंवा फक्त ऑडिओ वेगळा काढा आणि नेहमीच्याच वेगाने ऐका. वेळ वाचवायला दीडपट वेगाने ऐकलं की विराम आखडतात, आणि तुमचा मुख्य पुरावाच जातो.

या फेरीत चार गोष्टींकडे कान द्या: विराम, बोलण्याचा वेग, मध्येच सोडून दिलेली वाक्यं, आणि न विचारता पुन्हा निघालेला विषय. शेवटची गोष्ट सगळ्यात बोलकी असते. माणूस ज्याबद्दल ‘ठीक होतं’ म्हणून पुढे गेला, त्याच विषयावर तो आपणहून परत आला, तर ते ‘ठीक’ पुन्हा तपासावं लागतं.

आपल्या मुलाखतीत 18:40 ला मुलाखतकार विचारतो, “मदत-केंद्राशी बोलण्याचा अनुभव कसा होता?” बाईंचा नेहमीचा विराम पाऊण सेकंदाचा, इथे तो अडीच सेकंदांच्या वर जातो. मग त्या म्हणतात, “हं... म्हणजे, ठीक होतं. केलं त्यांनी नंतर.” वाक्याच्या शेवटी नेहमीचं हसू नाही. ‘ठीक’ हा शब्द तटस्थ आहे, पण विराम, ‘म्हणजे’ आणि ‘नंतर’ हे तिन्ही एकाच बाजूला झुकतात. अनुकूल उत्तर लोक चटकन देतात आणि प्रतिकूल उत्तराला आडवळण घेतात; संभाषणाचा अभ्यास करणाऱ्यांनी हे अनेक ठिकाणी दाखवलं आहे. इथे अंक −1, खात्री मध्यम.

31:05 ला बोलणं अहवालाच्या छपाईचं चाललेलं असताना बाई मध्येच म्हणतात, “आणि ते मघाशी म्हटलं ना, मदत-केंद्राचं, तेव्हा आम्ही तीन दिवस बिलंच काढू शकलो नव्हतो.” हे त्या घाईने, मुलाखतकाराचं वाक्य तोडून बोलतात. इथे −2, खात्री पक्की. आता मागे जाऊन 18:40 च्या ओळीत अंक बदलू नका, फक्त खात्री ‘मध्यम’ची ‘पक्की’ करा आणि शेजारी ‘31:05 पाहा’ असं लिहा. त्या क्षणी जे ऐकू आलं ते −1 होतं. नंतरच्या माहितीने आधीचे अंक वाढवत गेलात तर सूर कुठे तापला हेच हरवतं.

हसण्याबद्दल एक गोष्ट. अडचण सांगताना सांगणारा माणूस बरेचदा स्वतः हसतो आणि ऐकणारा हसत नाही. गेल जेफरसन यांनी 1984 साली संभाषणांच्या नोंदींतून हे दाखवलं होतं. हसून तो ‘मी निभावून नेतोय’ एवढंच सांगत असतो. 11:20 ला बाई म्हणतात, “जुना डेटा आणताना दोनदा सगळं पुसलं गेलं,” आणि खळखळून हसतात. याला +1 देणं ही नवख्यांची ठरलेली चूक. शब्द नुकसानीचे आहेत, म्हणून इथे −1, आणि हसणं पुराव्याच्या रकान्यात फक्त नोंदवायचं.

दुसरी फेरी: शब्द

आता ट्रान्सक्रिप्ट वाचा. ती आपोआप तयार झालेली असेल तर ‘हं’, ‘अं’, अर्धवट वाक्यं आणि विराम बहुतेक गाळलेले असतात, म्हणून अंक दिलेल्या जागा ऑडिओवरून हाताने दुरुस्त करा. या फेरीत काम एकच: पहिल्या फेरीत दिलेल्या प्रत्येक अंकाला शब्दांचा आधार आहे का, हे तपासणं. आधार नसेल तर अंक राहू द्या पण खात्री ‘कमी’ करा. कौतुकात तपशील आहे का, तेही बघा. “छान आहे” आणि “आता महिन्याचा हिशेब एका दुपारी संपतो” या दोन वाक्यांत दुसरं भक्कम आहे, पहिलं शिष्टाचार असू शकतं.

तिसरी फेरी: चेहरा, आवाज बंद करून

आता व्हिडिओ उघडा, पण आवाज बंद ठेवा. आवाज चालू असताना आपण जे ऐकतो तेच चेहऱ्यावर दिसल्यासारखं वाटतं, आणि मग चेहरा हा स्वतंत्र पुरावा उरत नाही.

या फेरीचा नियम कडक आहे: नोंदीत हालचाल लिहायची, भावना नाही. ‘भुवया खाली आल्या, 26:10 ते 26:50’ असं लिहा. ‘वैतागल्या’ असं लिहू नका. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन यांनी 1978 साली चेहऱ्याच्या हालचाली नोंदवण्याची जी पद्धत प्रसिद्ध केली, तीसुद्धा मुळात कोणता स्नायू हलला हे नोंदवते. भुवया खाली ओढणाऱ्या हालचालीला तिथे 4 हा क्रमांक आहे, ओठांचे कोपरे वर ओढणाऱ्या हालचालीला 12. क्रमांक 4 म्हणजे राग असं ती पद्धत म्हणत नाही.

एवढी सावधगिरी कशासाठी? लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी 2019 साली चेहरा आणि भावना यांवरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. त्यात दिसलं की राग आलेला असताना लोक कपाळाला आठ्या घालतात ते सरासरीने 30 टक्क्यांहून कमी वेळा. म्हणजे रागावलेली बहुतेक माणसं आठी घालतच नाहीत, आणि ज्यांनी घातली आहे त्यांतले बरेच रागावलेले नसतात. आठी पडते ती वाचताना, विचार करताना, आठवताना, डोळ्यांवर उजेड आला म्हणून, अक्षर बारीक आहे म्हणून. तीव्र भावनेतही चेहरा एकटा फसवतो. 2012 साली टेनिसपटूंचे गुण जिंकल्या-हरल्याच्या क्षणाचे फोटो लोकांना दाखवले गेले. फक्त चेहरा पाहून त्यांना जिंकलेला कोण आणि हरलेला कोण हे सांगता आलं नाही, शरीर दिसल्यावर सांगता आलं. कॉलवर तर शरीर खांद्यापर्यंतच दिसतं.

आता आपली 26:10 ची जागा. नवा स्क्रीन दाखवल्यावर बाईंच्या भुवया 40 सेकंद खाली आहेत, ओठ मिटलेले, मान पुढे. फक्त चेहरा पाहणारा इथे ‘स्क्रीन आवडला नाही’ असं हमखास लिहितो. हालचाल नोंदवून झाल्यावर आवाज चालू करा. बाई पुटपुटताहेत, “थकबाकी... थकबाकी कुठेय... हां, इथे आहे.” ‘हां’ या शब्दाबरोबर भुवया सुटतात. पाठोपाठ, “अच्छा, हे बरंय, वेगळं उघडायला नको.” ही आठी शोधण्याची होती. तुकड्याचा अंक +1. आठीचा खरा उपयोग वेगळाच आहे: थकबाकीचा रकाना सापडायला 40 सेकंद लागले, हे त्या नोंदीतून मिळालं. ते मांडणीबद्दलचं निरीक्षण आहे, भावनेबद्दलचं नाही.

अर्थ लावण्यासाठी एवढं बघा: हालचाल कशाबरोबर सुरू झाली आणि कशाबरोबर संपली. सुरुवात-शेवट स्क्रीनवरच्या एखाद्या गोष्टीला चिकटलेले असतील तर ती बहुधा लक्ष देण्याची खूण आहे. बोलण्याच्या विषयाला चिकटलेले असतील, तर आवाज आणि शब्दांत त्याची साथ शोधा. साथ मिळाली तर त्या तुकड्याची खात्री एक पायरी वाढवा. नाही मिळाली तर हालचाल रकान्यात राहू द्या आणि अंकाला हात लावू नका. केवळ चेहऱ्यावरून अंक कधीच द्यायचा नाही.

नजरेचा अर्थ तर लावूच नका. कॉलवर माणूस समोरच्याच्या चित्राकडे बघतो आणि कॅमेरा दुसरीकडे असतो. त्यामुळे ‘नजर चुकवली’ ही नोंद कॅमेऱ्याच्या जागेबद्दल सांगते. कॅमेरा खाली ठेवलेला असेल तर चेहरा खालून दिसतो आणि तटस्थ चेहऱ्यावरचे भावही वेगळे वाटू लागतात. मान डोलावणं हे बहुतेक वेळा ‘ऐकतेय’ एवढंच असतं, ‘पटलं’ नव्हे. डोळ्यांभोवती सुरकुत्या पडल्या की हसू खरं, हा लोकप्रिय नियमही धरून चालू नका. ते हसू मुद्दामही आणता येतं, आणि ओठ जोरात ताणले तरी गाल वर चढून डोळे बारीक होतात. क्षणभर चमकून जाणाऱ्या सूक्ष्म भावांच्या मागे लागू नका. ते सेकंदाच्या पाचव्या भागापेक्षाही कमी टिकतात असं मानलं जातं, आणि कॉलच्या रेकॉर्डिंगमध्ये तेवढ्या वेळातली चित्रं गळालेली किंवा पुसट झालेली असू शकतात. थांबवलेल्या एका चित्रावरून तर काहीच ठरवू नका. बोलताना अर्धवट उघडं तोंड कुठल्याही भावनेसारखं दिसू शकतं.

चेहऱ्यावरून आपोआप भावना ओळखून देणारी सॉफ्टवेअर वापरायचा मोह होतो. वर सांगितलेली अडचण त्यांनाही तशीच लागू आहे. मायक्रोसॉफ्टने 2022 साली आपल्या चेहरा-सेवेतून भावना ओळखण्याची सोय काढून घेण्याचं जाहीर केलं, तेव्हा ‘भावना’ कशाला म्हणायचं यावर शास्त्रात एकमत नाही हे एक कारण दिलं होतं.

दुसऱ्या माणसाकडून ताळा

दुसऱ्या सहकाऱ्याला त्याच तुकड्यांना अंक द्यायला सांगा, तुमचे अंक न दाखवता. मग जुळवा. इथे एक सापळा आहे. मुलाखतीतले बहुतेक तुकडे तटस्थ असतात, म्हणून दोघांनी डोळे मिटून 0 दिला तरी बरंच जुळतं.

समजा −, 0, + असे तीनच वर्ग केले. 24 पैकी 18 तुकड्यांत दोघांचं एकमत झालं, म्हणजे 75 टक्के, ऐकायला छान. पण पहिल्याने 17 तटस्थ, 5 नकारात्मक, 2 सकारात्मक दिले होते. दुसऱ्याने 16, 6 आणि 2. एवढ्यावरून निव्वळ योगायोगाने किती जुळलं असतं ते काढता येतं: 17×16, 5×6 आणि 2×2 यांची बेरीज 306, तिला 24×24 म्हणजे 576 ने भागा, सुमारे 0.53. योगायोग वजा केल्यावर खरं एकमत (0.75 − 0.53) ÷ (1 − 0.53), म्हणजे जवळपास 0.47. याला कोहेनचा कप्पा म्हणतात. 0.6 च्या खाली असेल तर अंक पुढे पाठवू नका. न जुळलेले सहा तुकडे एकत्र बसून ऐका. बहुतेकदा कळतं की वाद अंकाचा नसून ‘कशाबद्दल’चा होता: एकाने मदत-केंद्राबद्दल अंक दिला, दुसऱ्याने सॉफ्टवेअरबद्दल. तुकडा दोन भागांत कापला की वाद मिटतो.

सूर कसा मांडायचा

24 अंकांची सरासरी काढू नका. आपल्या मुलाखतीत ती शून्याच्या आसपास येते आणि ‘ग्राहक तटस्थ’ असा साफ खोटा निष्कर्ष देते. या बाई दोन गोष्टींबद्दल नाराज आहेत, एका गोष्टीबद्दल खूश, बाकी वेळ माहिती देताहेत. वेळेप्रमाणे अंक आडव्या रेषेवर मांडा आणि खाली विषय लिहा. चढ-उतार कुठे आहेत ते लगेच दिसतं.

शेवटच्या मिनिटांना जास्त वजन देऊ नका. 39:50 ला बाई म्हणतात, “एकंदर छान आहे, मला आवडतं.” यात तपशील नाही, हे निरोप घेतानाचं बोलणं आहे, आणि मुलाखतीचं मानधन मिळायचं असेल तर माणूस आणखी गोड बोलतो. अंक 0, खात्री मध्यम.

अहवालात वाक्यं अशी यावीत: “मदत-केंद्राच्या उशिराबद्दल तीव्र नाराजी (−2, पक्की): 31:05 ला आपणहून विषय काढला, वाक्य तोडून, तीन दिवस बिलं अडल्याचं सांगितलं. 18:40 ला थेट विचारल्यावर ‘ठीक’ म्हणाल्या, पण नेहमीच्या तिप्पट विरामानंतर.” चेहऱ्यावरची हालचाल लिहायचीच असेल तर ती अशा वाक्याच्या शेवटी, आधाराला. दुसरा आधार नसलेली हालचाल अहवालात येऊ नये.

क्लिप पाठवायची असेल तर नुसता चेहरा असलेली, पाच सेकंदांची, आवाज नसलेली क्लिप कुणालाही देऊ नका. बघणारा तिच्यात हवा तो अर्थ भरतो. प्रश्नापासून उत्तर संपेपर्यंतचा सलग तुकडा द्या. आणि रेकॉर्डिंगची परवानगी घेताना बोलण्याचा सूर व चेहराही तपासला जाईल, हे ग्राहकाला आधीच स्पष्ट सांगा. परवानगी फक्त बोलणं टिपण्यापुरती असेल, तर तिसरी फेरी करूच नका. पहिल्या दोन फेऱ्यांतले अंक आणि पुरावे घेऊन अहवाल लिहा.